भाचीच्या पहिल्या भाड्याच्या घरासाठी काय न्यावं? बजेट दोन-अडीच हजार

शुभदा_सातारा · ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी भाची आणि जावई कर्वेनगरला वन बीएचके भाड्याने घेतायत, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट झालंय आणि १५ तारखेच्या आसपास सामान हलवतील. लग्नाला सहा महिने झाले पण आत्तापर्यंत ती हॉस्टेलवर आणि तो मित्रांच्या फ्लॅटवर, म्हणजे दोघांचं स्वतःचं असं घर हे पहिलंच. मी मावशी, रिकाम्या हाताने कशी जाणार. बजेट दोन, फार तर अडीच हजार. लग्नात डिनर सेट तीन आलेत, मिक्सर दोन आलेत, ते सगळं तिच्या आईच्या माळ्यावर पडलंय. रोज हाताला लागेल असं काहीतरी हवंय, आणि अकरा महिन्यांनी घर बदललं तर बरोबर नेता येईल असं. सुचवा.

निनाद_७७ · ३ जून, रात्री १०.०५

भिंतीला लागेल असं काहीही देऊ नका ताई, हात जोडून सांगतो. आम्ही दोघं पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा चार भिंतीवरची घड्याळं आणि दोन फ्रेम आल्या. हॉलमध्ये चार खिळे मारले आणि सोडताना मालकाने डिपॉझिटमधून तीन हजार कापले, वर "पेंटरला बोलवावं लागेल" हे ऐकवलं ते वेगळंच. घड्याळं अजून खोक्यात आहेत, एक हवं असेल तर तुम्हालाच देतो.

कुमुदिनी_जोशी · ३ जून, रात्री १०.२०

अभिनंदन!! स्वतःची वास्तू होणं म्हणजे भाग्यच. वास्तुशांतीला चांदीचा गणपती द्यावा, लहानसाही चालतो. उंबरठ्यावर लावायला पितळी लक्ष्मीची पावलं मिळतात तीही छान दिसतात. मुहूर्त कुठला धरलाय?

शुभदा_सातारा · ३ जून, रात्री १०.३१

कुमुदिनीताई, भाड्याचं आहे हो. वास्तुशांत नाही, नुसतं दूध उतू घालणार आणि जेवण.

केतकी_पी · ३ जून, रात्री ११.००

पैसे द्या आणि मोकळ्या व्हा. त्यांना पहिल्या महिन्यात झाडू, बादली, पडद्याचे रॉड, डबे अशा शंभर गोष्टी लागतात ज्या कोणी भेट देत नाही.

वेंगुर्लेकरीण · ४ जून, सकाळी ७.१५

शुभदा, माझं ऐकशील तर बिडाचा तवा दे, पण दुकानातून उचलून कागदात गुंडाळून नाही, तयार करून दे. माझ्या लग्नात आत्तेने दिलेला तवा पस्तीस वर्षं झाली, अजून त्यावर घावन टाकते आणि कडा सुटल्या की नुसता उलथणं लावायचं, आपोआप वर येतं. आता पोरी नॉनस्टिक घेतात, दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात की टाकून द्या. पण बिडाचा कोरा तवा कुणाला दिलास तर ती पहिल्या दिवशी घावन टाकणार, तो चिकटणार, खरवडून काढणार, चिडून सिंकखाली ठेवून देणार आणि आठ दिवसांत तव्याला तांब चढणार. माझ्या सुनेच्या मैत्रिणीकडे असंच झालं. तेव्हा मेहनत आपण करायची आणि त्यांना नुसतं वापरायला द्यायचं. तुझ्याकडे दहा-बारा दिवस आहेत, आरामात होईल.

टेक्नोमिहीर · ४ जून, सकाळी ९.०२

आयडिया चांगली आहे पण आधी विचारा की त्यांच्याकडे गॅस आहे का. भाड्याच्या घरात आजकाल नवीन कपल इंडक्शनवरच चालवतात आणि बिडाचा तवा इंडक्शनवर चालत नाही, त्याला स्पेशल इंडक्शन बेस लागतो.

शुभदा_सातारा · ४ जून, दुपारी १.१०

आत्ताच फोन केला. मिहीर म्हणतो ते खरं निघालं, त्यांनी गॅस कनेक्शनचा अर्ज केलाय, येईल तेव्हा येईल, तोवर इंडक्शन. म्हणजे तवा बाद का? मला तर कल्पना फार आवडली होती.

आप्पा_शिरोली · ४ जून, दुपारी ३.४५

बाद कशाला. मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं फाउंड्रीत काढली, बीड ओतणं हाच धंदा. इंडक्शनला बेस-बिस काही लागत नाही, भांड्याला चुंबक चिकटलं की झालं. बिडाला चुंबक असा चिकटतो की ओढून काढायला लागतो. जे चालत नाही ते नुसतं अॅल्युमिनियम, तांबं, पितळ. फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन दुकानात जावा, दोन सेकंदाचं काम.

भानगड वेगळीच आहे. डोशाचे पुष्कळ तवे खालून जरा गोलसर असतात नाहीतर खाली कड असते, ते काचेवर सपाट बसत नाहीत, डुगडुगतात. दुसरं म्हणजे घरगुती इंडक्शनची कॉइल असती वीतभर, त्यावर बारा इंची तवा ठेवला तर मध्ये जळतंय आणि कडेला कच्चं राहतंय. बीड उष्णता धरून ठेवतं पण पसरवायला लई हळू. तेव्हा दहा इंचाच्या वर जाऊ नका आणि खालून सपाटच घ्या. आणि पोरांना एवढं सांगा, इंडक्शन सुरुवातीला एकदम फुलवर टाकायचं नाही. मधला भाग एकदम तापतो, कडा गार, बीड वाकत नसतं, ते तडकतं. कमी पॉवरवर पाच-सात मिनिटं आधी तापू दे, मग वाढव. आणि तवा काचेवर घासत सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

टेक्नोमिहीर · ४ जून, दुपारी ४.१०

ओके, चुंबकाचं मान्य. माझ्याकडचा तवा चालला नव्हता तो बहुतेक हार्ड अॅनोडाइज्ड होता. पण त्यांना सॉकेट बघायला सांगा, इंडक्शन दोन हजार वॅटचं असेल तर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं, ते छोट्या सहा अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून चालवू नये. माझा प्लग तपकिरी झाला होता. मोठं सोळाचं सॉकेट किचनमध्ये एखादं असतंच, बहुतेक वेळा तिथे फ्रिज लावलेला असतो.

कुमुदिनी_जोशी · ४ जून, संध्या. ६.३०

लोखंड भेट देतात का हो कोणी? आमच्याकडे लोखंड देत नाहीत, आणि शनिवारी तर विकतसुद्धा घेत नाहीत.

वेंगुर्लेकरीण · ४ जून, संध्या. ७.०५

शनिवारी घेऊ नको म्हणजे झालं. माझ्या आत्तेने दिला तेव्हा कुणाचं काही वाईट झालं नाही, नवरा अजून घावनच मागतो. मात्र रिकामा तवा देऊ नये, त्यावर तांदळाची पुरचुंडी आणि सुपारी ठेवून दे.

शुभदा_सातारा · ६ जून, दुपारी १२.२०

काल शुक्रवार होता म्हणून मुद्दाम कालच आणला, कुमुदिनीताईंचा मान राखला. भांड्याच्या दुकानात दोन प्रकार दाखवले. एक पातळ, हलका, काळा तवा आणि एक जाड, जरा खरखरीत, राखाडी. दुकानदार दोन्हीला बिडाचाच म्हणत होता. मी जाड घेतला, दहा इंची, खालून सपाट, चुंबक चिकटलं, वजन भरलं दोन किलो शंभर ग्रॅम, साडेआठशे रुपये. बरोबर घेतला ना?

आप्पा_शिरोली · ६ जून, दुपारी २.००

पातळ होता तो पत्र्याचा, लोखंडीच पण बीड नव्हे. तो पडला तर पोचा येतो, बीड पडलं तर तुकडा उडतो. बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यासारखा आत पसरलेला असतो, म्हणून कडक पण ठिसूळ. बरोबर घेतलाय. आता एक करा, तवा कडेला दोन बोटांत धरून लटकवा आणि चमच्याने ठोका. घंटेसारखा आवाज लांबला तर चांगला. भद्द वाजला तर आत कुठेतरी बारीक चीर आहे, डोळ्याला दिसणार नाही, आजच बदलून आणा. आमच्याकडे माल असाच वाजवून बघत होते.

शुभदा_सातारा · ६ जून, दुपारी २.३०

वाजवला. देवळातल्या घंटेएवढा नाही पण छान लांबला आवाज. नवरा विचारतोय हे काय चाललंय.

वेंगुर्लेकरीण · ६ जून, दुपारी ४.१५

आता ऐक. पहिल्यांदा गरम पाणी आणि साबण घेऊन तारेच्या घासणीने घासून काढ, दुकानात गंजू नये म्हणून त्यावर काहीतरी फासलेलं असतं ते सगळं निघायला हवं, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. मग भाताची पेज तव्यात भरून रात्रभर ठेव, सकाळी ओतून परत नवी पेज, असं तीन दिवस. मग चुलीवर, तुझ्याकडे गॅसवर, तापव आणि अर्धा कांदा तेलात बुडवून सगळीकडे घास, कांदा काळा पडेपर्यंत. आमच्याकडे वांग्याच्या देठाने नाहीतर नारळाच्या शेंडीने तेल लावतात, ब्रश-बिश नाही.

आप्पा_शिरोली · ६ जून, संध्या. ५.४०

पेजेचं मला काही पटत नाही ताई. साबणाने जे निघायचं ते निघतं, तीन दिवस बीड पाण्यात ठेवलं तर तांबच धरणार. माझ्या मते घासा, लगेच पुसा, गॅसवर पूर्ण कोरडा करा आणि तेलाला लागा.

वेंगुर्लेकरीण · ६ जून, संध्या. ५.५२

पेज म्हणजे पाणी नव्हे. आमच्या तीन पिढ्या करत आल्या.

आप्पा_शिरोली · ६ जून, संध्या. ६.०१

असू दे असू दे, तवा त्यांचा आहे, त्यांनी ठरवावं.

जर्सीची_मृणाल · ६ जून, रात्री ८.४५

मी इथे न्यू जर्सीत ओव्हनमध्ये करते, तेल लावून उलटा ठेवायचा आणि २३० ते २५० डिग्रीला एक तास, मग आतच गार होऊ द्यायचा. जवसाचं तेल बेस्ट म्हणतात, काचेसारखा थर येतो. फक्त धूर प्रचंड होतो, माझा स्मोक अलार्म दोनदा वाजलाय.

आप्पा_शिरोली · ६ जून, रात्री ९.१०

जवसाचा थर दिसायला फक्कड पण कडक होऊन ठिसूळ होतो, पुढे त्याच्या खपल्या उडतात. शेंगदाण्याचं तेल किंवा सूर्यफूल घ्या, घरात असतंच. ओटीजीमध्ये दहा इंची तवा दांड्यासकट मावत नाही, गॅसच बरा. आणि दांड्याला लाकूड असेल तर ओव्हनचं नावच काढू नका.

शुभदा_सातारा · ८ जून, रात्री १०.१५

मंडळी, माझं काहीतरी बिघडलं. पेज एक रात्र ठेवली, तीन दिवस धीर निघाला नाही. सकाळी कडेला थोडा तांबूस रंग दिसला तो घासला. मग गॅसवर तापवून दोन चमचे शेंगदाणा तेल ओतलं आणि चांगलं पसरवलं, दहा मिनिटं मध्यम आचेवर ठेवला, धूर आला, बंद केला. आता गार झाल्यावर हात लावला तर बोटाला चिकटतंय, गुळाच्या पाकासारखं, आणि तपकिरी ठिपके ठिपके दिसतायत. मधोमध काळा आणि कडेला राखाडीच आहे. काय चुकलं?

आप्पा_शिरोली · ८ जून, रात्री १०.४०

दोन चमचे हेच चुकलं. बाकी सगळं बरोबर केलंय.

आपण तव्याला तेल पाजत नसतो. तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला की तो सुकतो आणि लोखंडाला घट्ट धरतो, वार्निशसारखा. थर जाड असला की वरचा वाळतो, आतला ओला राहतो, तोच तुमच्या बोटाला लागतोय. ठिपके म्हणजे तेल जिथे थेंब थेंब गोळा झालं ती जागा.

आता असं करा. तवा परत गॅसवर उलटा ठेवा, मध्यम आच, वीस-पंचवीस मिनिटं, अधूनमधून फिरवत. कडा राखाडी राहिल्या कारण बर्नर लहान आणि तवा मोठा, म्हणून चार-पाच मिनिटांनी तवा थोडा थोडा सरकवून प्रत्येक कडेला आच दाखवायची. कोमट झाला की बोट लावा. चिकटत नसेल तर वाचला. अजून चिकटत असेल तर मन घट्ट करून तारेच्या घासणीने तेवढा भाग घासून काढा आणि नव्याने.

नव्याने म्हणजे कसं? तवा गरम, पण हात लावता येईल इतपत. तेल पाव चमचा. जुन्या सुती कापडाने सगळीकडे, पाठीमागे, दांड्यालासुद्धा. मग दुसरं कोरडं फडकं घ्यायचं आणि चुकून तेल लागलंय ते पुसून टाकायचंय अशा थाटात पुसायचं. तवा कोरडा दिसला पाहिजे. तुम्हाला वाटेल काहीच राहिलं नाही. जे राहतं तेवढंच लागतं. मग धूर येऊन धूर थांबेपर्यंत तापवायचा. धूर थांबला की थर बसला. गार करा, परत तेच. चार वेळा करा, एका दिवसात करायची गरज नाही. खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट लावा.

निनाद_७७ · ८ जून, रात्री ११.०५

आप्पा हे वाचून मी माझा माळ्यावरचा तवा काढला, त्यावर जो चिकट थर आहे त्याला मी चार वर्षं सीझनिंग समजत होतो. तो कळकट आहे हे आज कळलं.

केतकी_पी · ९ जून, सकाळी ८.२०

भेटवस्तूसाठी इतकी मेहनत! दोन हजाराचं पाकीट दिलं असतं एव्हाना.

शुभदा_सातारा · ११ जून, रात्री ९.३०

केतकी, खरंय तुझं, पण आता इरेला पेटलेय.

वीस मिनिटं उलटा तापवला, कडेचे ठिपके गेले, मधले दोन राहिले ते घासून काढले. मग आप्पांनी सांगितलं तसं पाव चमचा तेल, पुसून कोरडं, धूर थांबेपर्यंत. पहिल्या वेळी काही फरकच दिसला नाही, राखाडीचा जरा तपकिरी झाला. दुसऱ्या वेळी चॉकलेटी. आज चौथी वेळ झाली आणि आता खरंच काळा आहे, चमक नाही पण हात फिरवला तर साटीनसारखा लागतो आणि टिश्यूने पुसला तर टिश्यू जवळजवळ स्वच्छ निघतो. कडा मधल्यापेक्षा किंचित फिकट आहेत, चालेल का?

आप्पा_शिरोली · ११ जून, रात्री ९.५०

चालतंय. रंग सारखा असणं हे शोकेससाठी. वापरात सारखा होतो. आता देण्याआधी त्यावर तीन-चार वेळा चपात्या भाजा, एकदा कांदा परता भरपूर तेलात. घावन नको एवढ्यात.

वेंगुर्लेकरीण · ११ जून, रात्री १०.२०

हे मात्र आप्पा बरोबर बोलले. आणि पोरांना सांग, त्यावर आमसुलाची कढी, चिंचेची आमटी, टोमॅटोचं काहीही शिजवायचं नाही. आंबटाने काळा थर सुटतो आणि पदार्थ लोखंडासारखा लागतो. तवा आहे तर तव्यासारखाच वापरा म्हणावं.

जर्सीची_मृणाल · ११ जून, रात्री ११.४०

आणि साबण अजिबात लावायचा नाही हेही सांगा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आप्पा_शिरोली · १२ जून, सकाळी ७.००

थोड्याशा भांड्याच्या लिक्विडने काही होत नाही. बसलेला थर साबणाने जात नाही, जातो तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्याने आणि मोलकरणीने तारेची घासणी मारल्याने. कपडे धुवायच्या सोड्याचा वापर मात्र नको.

वेंगुर्लेकरीण · १२ जून, सकाळी ७.३०

मी पस्तीस वर्षांत साबण लावला नाही आणि लावणारही नाही. गरम पाणी, नारळाची शेंडी, पुसून गॅसवर ठेवून कोरडा, तेलाचं बोट. बस.

शुभदा_सातारा · १७ जून, रात्री १०.०५

सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत.

रविवारी एसटीने गेले, पाऊस होता. तवा मी वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. चार तास बसमध्ये आणि नंतर रात्रभर त्यांच्याकडे तसाच. सकाळी उघडला तर कागद दमट आणि दांड्याजवळ भाताच्या शिताएवढे तीन नारिंगी ठिपके. माझा जीवच गेला. भाचीसमोरच जाडं मीठ आणि तेलाचा थेंब घेऊन फडक्याने घासले, ठिपके गेले, इंडक्शनवर हळूहळू तापवून वरून तेलाचं फडकं फिरवलं. सुती कापडात गुंडाळून पिशवी उघडी ठेवायला हवी होती, हे आता कळतंय.

पुरचुंडी दिली, सुपारी दिली. भाची म्हणाली मावशी हा इतका जड का, जावई म्हणाला एका हाताने उचलून दाखव, दोघांनी उचलून पाहिला. मग घावन करायचं ठरलं. तांदळाचं पीठ मीठ घालून ताकाएवढं पातळ भिजवलं, अर्धा तास ठेवलं. इंडक्शन कमीवर सात मिनिटं, मग वाढवलं, पाण्याचे थेंब टाकले तर ते नाचायला लागले, वांग्याच्या देठाने तेल लावलं. पहिला घावन चिकटला. पूर्ण. खरवडून काढला आणि मी मनातल्या मनात वेंगुर्लेकरणीला शिव्या घातल्या, माफ कर.

वेंगुर्लेकरीण · १७ जून, रात्री १०.१२

पहिला चिकटतोच बाई, तो तव्याचा. पुढे?

शुभदा_सातारा · १७ जून, रात्री १०.३०

तवा फार तापला होता असं मला वाटतं, पीठ पडलं की चर्रकन होऊन लगेच सुकत होतं, जाळीच धरेना. पाण्याचा हबका मारून जरा निववला, परत देठ फिरवलं, दुसरा टाकला, झाकण ठेवलं. दीड मिनिटाने कडा वर आल्या आणि उलथणं घातलं तर मधोमध किंचित धरला पण निघाला. तिसरा सुटला. चौथ्याला जावयाने स्वतः टाकायचं म्हणून हट्ट धरला आणि त्याचा नकाशा झाला पण चिकटला नाही. कडेला मात्र इंडक्शनवर जरा कच्चं राहतंय, आप्पांनी म्हटलं होतं तसंच, म्हणून घावन सात इंचाचेच टाकले.

आज भाचीचा मेसेज आलाय की रात्री तवा धुऊन सिंकमध्ये राहिला. बाकी काही लिहिलं नाही, नुसते दोन रडके चेहरे टाकलेत. उद्या फोन करते.

आप्पा_शिरोली · १७ जून, रात्री १०.४४

घासायचं, वाळवायचं, पाव चमचा तेल. इंडक्शनवर एक थर बसेल पण हळू, रिकामं भांडं जास्त तापलं की ते आपोआप बंद पडतं. गॅस आला की नीट करा म्हणावं. बीड गंजल्याने मरत नाही.

निनाद_७७ · १७ जून, रात्री १०.५१

माझ्या कळकटलेल्या तव्याचा थर निघता निघत नाहीये आप्पा, तारेची घासणी संपली. काही उपाय?

कुमुदिनी_जोशी · १७ जून, रात्री ११.१०

मग गणपती दिलाच नाही का शेवटी?